सुक्या रेतीला कोहेजन, आणि पीकला भेटायला परत वर जाणारी शेपटी

लक्षण असं असतं. भिंतीमागच्या भरावासाठी क्रश सँडचा डायरेक्ट शिअर रिपोर्ट येतो. पीकला कोहेजन १४ किलोपास्कल, फ्रिक्शन अँगल ४१.२ अंश. रेसिड्युअलला कोहेजन ५, अँगल ४०.९ अंश. शिअर स्ट्रेस आणि सरक यांचा आलेख बघावा तर वक्र दोन मिलिमीटरला पीक गाठतो, नीट खाली उतरतो, सहाच्या आसपास तळ धरतो आणि मग पुन्हा चढायला लागतो. दहा मिलिमीटरपर्यंत तो जवळजवळ पीकच्या उंचीला पोचलेला असतो. तरीही खाली सही-शिक्का असतो.

मुंबईत एप्रिल-मे महिन्यांत हा रिपोर्ट हमखास भेटतो. पावसाआधी पोडियमच्या आणि रिटेनिंग वॉलच्या मागचा भराव उरकायचा असतो, खाडीची रेती मिळेनाशी झालेली असते, म्हणून क्रशरवरून बेसाल्टची क्रश सँड येते आणि लॅबला उद्याच रिपोर्ट हवा असतो. मशीन बिघडलंय, प्रूव्हिंग रिंग कॅलिब्रेट करायला पाठवा, सँपल खराब होतं, अशी उत्तरं मग ऐकायला मिळतात. बहुतेक वेळा मशीनही ठीक असतं आणि सँपलही. चूक एक्सेलच्या एका कॉलममध्ये आणि तराजूवर कधीच न ठेवलेल्या काही वस्तूंमध्ये असते. दोन्ही गोष्टी टेस्ट पुन्हा न करता, आहेत त्याच रीडिंगवरून पकडता येतात.

हा रिपोर्ट तसाच पुढे गेला तर काय होतं ते आधी सांगतो, कारण '१४ म्हणजे काय मोठंसं' असं वाटू शकतं. डिझायनरने १४ आणि ४१.२ हे आकडे ॲक्टिव्ह प्रेशरच्या सूत्रात जसेच्या तसे घातले, भरावाचं वजन १८ किलोन्यूटन प्रति घनमीटर धरलं, की वरच्या ३.४ मीटरमध्ये भिंतीवर दाब शून्य येतो. म्हणजे सुकी रेती एका मजल्याच्या उंचीपर्यंत भिंतीशिवाय सरळ उभी राहील, असं तो रिपोर्ट सांगतोय. क्रशरच्या आवारातला कुठलाही ढीग बघा, तो असा उभा राहत नाही.

रीडिंगकडे परत

हाताशी असलेलं उदाहरण घेऊ. बॉक्स नेहमीचा ६० बाय ६० मिलिमीटरचा, सँपलची जाडी २५ मिलिमीटर, रेती ओव्हनमध्ये सुकवलेली, तिन्ही सँपल एकाच घनतेला टॅम्प केलेले. टेस्ट आयएस २७२० च्या भाग १३ प्रमाणे, वेग मिनिटाला सव्वा मिलिमीटर. नॉर्मल स्ट्रेस ५०, १०० आणि २०० किलोपास्कल. क्षेत्रफळ ३६०० चौरस मिलिमीटर, म्हणजे हँगरवर घातलेल्या वजनांतून येणारा नॉर्मल लोड १८०, ३६० आणि ७२० न्यूटन. वाचायला सोपं जावं म्हणून आकडे थोडे गोल केलेत.

| नॉर्मल लोड, न्यूटन | पीकचा शिअर फोर्स (२ मिमी) | शेपटीचा शिअर फोर्स (८ मिमी) |
|---|---|---|
| १८० | १९८ | १५१ |
| ३६० | ३५७ | २८६ |
| ७२० | ६५६ | ५५६ |

इथे स्ट्रेस नाहीत, फोर्स आहेत. प्रूव्हिंग रिंगचं रीडिंग गुणिले रिंगचा कॉन्स्टंट, बस. शीट तपासायची तर याच पायरीपासून सुरू करावी. पुढचं सगळं शीटने केलेलं असतं आणि शीटवर तूर्त विश्वास ठेवायचा नाही.

या फोर्सच्या कॉलममध्येच पहिला पुरावा आहे. सहा मिलिमीटरनंतर रिंगचा काटा जवळजवळ थांबलेला होता: तिसऱ्या टेस्टमध्ये सहाला ५५६, आठला ५५६, दहालाही तेवढाच. मग आलेखातली शेपटी चढली कशी? रेतीने ती चढवलेली नाही.

अर्धं एरिया करेक्शन

शीटमध्ये शिअर स्ट्रेसचा कॉलम असा होता (A मध्ये सरक मिलिमीटरमध्ये, D मध्ये शिअर फोर्स न्यूटनमध्ये):

```
=D5/(60*(60-A5))*1000
```

बॉक्सचा एक अर्धा भाग दुसऱ्यावरून सरकतो, तसं दोन्ही अर्ध्यांमधलं समाईक क्षेत्रफळ कमी होतं, हे बरोबर आहे. दोन मिलिमीटरला ते ३४८० उरतं, आठला ३१२०, दहाला ३०००. म्हणून शिअर फोर्सला कमी झालेल्या क्षेत्रफळाने भागलं. इथपर्यंत आक्षेप नाही. पण आलेखाच्या वर जो नॉर्मल स्ट्रेस लिहिला तो मात्र सुरुवातीचाच, २०० किलोपास्कल. हँगरवरचं वजन टेस्टभर तेवढंच असतं. क्षेत्रफळ कमी झालं की त्या वजनाचा स्ट्रेसही त्याच प्रमाणात वाढतो. शीटने एकाच क्षेत्रफळाने शिअरला भागलं आणि नॉर्मलला भागायचं राहिलं.

याचा परिणाम पीकवर कमी आणि शेपटीवर जास्त होतो, म्हणूनच तो इतकी वर्षं खपून जातो. दोन मिलिमीटरला शिअर स्ट्रेस साडेतीन टक्के फुगतो, कुणाच्या लक्षात येत नाही. आठला पंधरा टक्के फुगतो, दहाला वीस. तिसऱ्या टेस्टमध्ये फोर्स ५५६ वर स्थिर असताना शीट सहाला १७२, आठला १७८ आणि दहाला १८५ किलोपास्कल दाखवते. पीक १८८ किंवा १८९ होतं. म्हणजे ती चढण म्हणजे भागाकारातला घटता छेद आहे, एवढंच. कोनाच्या भाषेत बघायचं तर टॅन ०.७५ चा ०.८६५ होतो, ३६.९ अंशांचे ४०.९ अंश होतात. रिपोर्टमधला रेसिड्युअल अँगल नेमका तोच होता.

दुरुस्ती दोन प्रकारे होते. नॉर्मल स्ट्रेसलाही त्याच क्षेत्रफळाने भागा आणि बिंदू त्या वाढलेल्या नॉर्मल स्ट्रेसवर मांडा. किंवा क्षेत्रफळाचा नादच सोडून थेट शिअर फोर्सला नॉर्मल फोर्सने भागा. वाळूसारख्या कोहेजन नसलेल्या मालाला दुसरा रस्ता जास्त चांगला, कारण गुणोत्तरात क्षेत्रफळ वर-खाली उडून जातं आणि एरिया करेक्शन करावं की नाही हा वादच उरत नाही. उभ्या अक्षावर हे गुणोत्तर आणि आडव्या अक्षावर सरक, असा आलेख काढला की तिन्ही टेस्ट एकाच कागदावर येतात आणि शेजारी-शेजारी ठेवून तपासता येतात. शीटमध्ये मी हा कॉलम आता आधी ठेवतो, स्ट्रेसचा नंतर.

शेपट्या एका रेषेत का येत नाहीत

तो आलेख काढल्यावर दुसरी गोष्ट दिसली. पीकची गुणोत्तरं १.१०, ०.९९, ०.९१ आली. शेपटीची ०.८४, ०.७९, ०.७७.

पीकचं गुणोत्तर नॉर्मल लोडबरोबर कमी होणं स्वाभाविक आहे, त्याच्याकडे नंतर येतो. शेपटीचं कमी होणं मात्र खटकायला हवं. घट्ट दाबलेल्या रेतीचे कण सरकताना एकमेकांवर चढतात, माल फुगतो, सैल होतो, आणि पुरेसं सरकल्यावर अशी स्थिती येते की आकारमान बदलणं थांबतं आणि फोर्सही थांबतो. त्या स्थितीतला कोन कणांचा आकार, खडबडीतपणा आणि खनिज यांवर ठरतो. सुरुवातीची घनता तोवर पुसली गेलेली असते. वाळूत आपण ज्याला रेसिड्युअल म्हणतो तो हाच, स्थिर आकारमानाचा कोन. चिकणमातीत चपटे कण आडवे झोपून जो आणखी खाली जाणारा कोन मिळतो, तसलं काही इथे घडत नाही. तेव्हा ५० ते २०० किलोपास्कलच्या टप्प्यात, कणांचा चुरा होत नसेल तर, तिन्ही शेपट्या जवळपास एकाच गुणोत्तरावर यायला हव्यात. नसतील येत, तर रेतीच्या आधी मशीनवर संशय घ्यायचा.

शेपटीचे तीन बिंदू फोर्समध्येच मांडा, आडवा नॉर्मल, उभा शिअर. १८० ते ७२० मध्ये शिअर १५१ चा ५५६ होतो: ४०५ भागिले ५४०, उतार ०.७५. मधला बिंदूही त्याच रेषेवर बसतो. रेष मागे वाढवली की नॉर्मल शून्य असताना शिअर १६ न्यूटन उरतो. हे सोळा न्यूटन म्हणजे शीटचं 'रेसिड्युअल कोहेजन'. उताराने भागले की साधारण २१ न्यूटन, म्हणजे दोन किलो आणि वर थोडं. कुठेतरी एवढं वजन रेतीवर बसलं होतं आणि हिशेबात नव्हतं.

ते सापडायला तराजू पुरला. वरची लोडिंग पॅड, तिच्यावरची स्टीलची गोळी, योक, आणि बॉक्सचा वरचा अर्धा भाग. सगळं मिळून २.२ किलो, २१.६ न्यूटन. वरच्या अर्ध्या बॉक्सचं वजन का धरायचं असं लॅबमधल्या पोरांनी विचारलं, आणि प्रश्न बरोबर आहे. शिअर सुरू करण्याआधी उचलस्क्रू फिरवून आपण दोन्ही अर्ध्यांमध्ये बारीक फट करतो आणि मग स्क्रू मागे घेतो. त्यानंतर वरची चौकट खालच्या चौकटीवर टेकलेली नसते. ती आतल्या रेतीला भिंतींच्या घर्षणाने लटकलेली असते. तिचं वजन जाऊन जाऊन जाणार कुठे, त्याच शिअरच्या पातळीवर.

५० किलोपास्कलच्या टेस्टमध्ये हे बारा टक्के आहे. २०० च्या टेस्टमध्ये तीन टक्के. म्हणून कमी दाबाची टेस्ट सगळ्यात जास्त 'मजबूत' दिसते आणि रेष उभ्या अक्षाला वर जाऊन कापते. हँगर लिव्हरवर असेल तर आणखी जपा. लिव्हर एकास पाच असताना काऊंटरवेटने तोल साधलेला नसलेला एक किलोचा हँगर रेतीवर पाच किलो होऊन उतरतो.

इथे एक पर्याय तपासून बाद करायला हवा, नाहीतर प्रत्येक आंतरछेदाला 'वजन राहिलं' म्हणायची सवय लागते. चौकटी एकमेकींना घासत असतील तरी असाच जवळपास स्थिर जादा फोर्स मिळतो. रिंगचा झिरो नीट घेतला नसेल तरीही. फरक ओळखायला रेती न भरता, फट उघडी ठेवून, मोकळा बॉक्स मशीनवर ढकलून बघा: वरची चौकट पातळ पट्ट्यांवर आधारून ठेवली की पुरे. रिंगचा काटा एक-दोन विभागांपलीकडे हलला तर घासाघीस आहे. आमच्याकडे काटा हलला नाही आणि तराजूचा आकडा रेषेच्या आकड्याशी जुळला, म्हणून प्रश्न तिथे मिटला. स्क्रू मागे घ्यायला विसरणं हे घासण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण. त्यांची टोकं खालच्या चौकटीवर चर पाडतात, आणि जुन्या बॉक्सवर ते चर बोटाला लागतात.

२१.६ न्यूटन मिळवून गुणोत्तरं पुन्हा काढली. शीटमध्ये B1 ला हँगरचा लोड आणि B2 ला हे वजन:

```
=D5/($B$1+$B$2)
```

शेपटी तिन्ही टेस्टमध्ये ०.७५. कोन ३६.९ अंश, कोहेजन शून्य. पीक ०.९८, ०.९४ आणि ०.८८५, कोन ४४.५, ४३.१ आणि ४१.५ अंश.

म्हणजे रिपोर्ट म्हणत होता की पीक आणि रेसिड्युअलमध्ये एक तृतीयांश अंशाचा फरक आहे. रेती म्हणतेय, साडेचार ते साडेसात अंशांचा.

उरलेलं कोहेजन

आता पीकचे सुधारलेले बिंदू घेऊन सरळ रेष टाकली तरी आठ किलोपास्कलच्या आसपास आंतरछेद येतो. चौदाचे आठ झाले, पण शून्य नाही झाले. आणि आता हिशेबात चूक उरलेली नाही.

हे आठ किलोपास्कल रेषेने निर्माण केलेले आहेत. घट्ट रेतीचं पीक एन्व्हलप वक्र असतं. कमी दाबाखाली कणांना एकमेकांवर चढून जाणं सोपं असतं, त्यामुळे फुगणं जास्त आणि कोन मोठा. दाब वाढला की फुगणं दबतं, कोन उतरतो. तो वक्र शून्यातून निघतो. आपण त्याच्या मधल्या तुकड्याला पट्टी लावतो आणि पट्टी मागे वाढवून अक्षाला जिथे लागेल तिथे कोहेजन लिहितो. तिथे टेस्ट नाही, बिंदू नाही, नुसती पेन्सिलची रेघ आहे.

मी पीकसाठी एकच कोन न देता तिन्ही कोन त्यांच्या त्यांच्या नॉर्मल स्ट्रेससह देतो, प्रत्येक बिंदू थेट शून्याशी जोडून. डिझायनरला त्याच्या भिंतीमागचा दाब माहीत असतो, तो त्यातून निवडेल. त्याला एकच आकडा हवा असेल आणि तो फोनवर भांडला, तर त्याच्या दाबाच्या सगळ्यात जवळच्या बिंदूचा कोन द्यावा आणि कोहेजन शून्य लिहावं. आठ किलोपास्कल लिहू नये, '०.०८ किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर' असं जुन्या युनिटमध्ये बारीक करूनही लिहू नये.

ओलाव्याची एक वेगळी भानगड आहे. जूननंतर लॅबमध्ये पोतं दोन दिवस उघडं राहिलं की रेती हाताला गार लागते, आणि अशा दमट रेतीत पाण्याच्या ताणाने खरोखरच थोडी चिकटाई येते. ती भरावात पहिल्या धुवाधार पावसाला निघून जाते, म्हणून मोजायचीच नाही. १०५ ते ११० अंशांना सुकवा आणि हवाबंद डब्यात गार होऊ द्या, किंवा बॉक्सच्या टाकीत पाणी भरून पूर्ण बुडवून टेस्ट करा. मधली अवस्था नको. दमटपणामुळे आलेलं कोहेजन ओळखायचं तर ते पीकमध्येही असतं आणि शेपटीतही, आणि मोजलेल्या वजनाशी ते जुळत नाही.

उभा डायल नसेल तर शेपटीला नाव देऊ नका

खरं सांगायचं तर या सगळ्या प्रकरणात सगळ्यात कमी वाचलं जाणारं रीडिंग म्हणजे पॅडवरचा उभा डायल. पुष्कळ लॅबमध्ये तो बसवलेला असतो, काटा फिरतो, पण रजिस्टरमध्ये त्याचा रकाना कोरा. आणि वक्र काय सांगतोय हे त्याच्याशिवाय नीट वाचताच येत नाही.

१९४८ मध्ये डोनाल्ड टेलर यांनी मांडलेला हिशेब अगदी साधा आहे. शिअर फोर्स जे काम करतो त्यातलं काही घर्षणात जातं आणि काही नॉर्मल लोड वर उचलण्यात. त्यामुळे कुठल्याही क्षणी

`S/N = tan φcv + dv/dh`

इथे `φcv` हा स्थिर आकारमानाचा कोन, `dv` म्हणजे पॅड जेवढी वर गेली ते अंतर आणि `dh` म्हणजे तेवढ्यात बॉक्स जेवढा सरकला ते. सूत्र अंदाजी आहे, पण शिअर बॉक्समधल्या वाळूला ते आश्चर्य वाटावं इतकं लागू पडतं, आणि मुख्य म्हणजे त्यातून दोन स्वतंत्र रीडिंग एकमेकांना तपासतात. एक रिंगचं, एक डायलचं.

आपल्या उदाहरणात मधल्या टेस्टचं पीक ०.९४ आणि शेपटी ०.७५; फरक ०.१९. पीकच्या दोन्ही बाजूंना पाव-पाव मिलिमीटर धरून उभा डायल बघितला तर त्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये तो नऊ विभाग चढला होता, विभाग ०.०१ मिलिमीटरचा. ०.०९ भागिले ०.५, म्हणजे ०.१८. जुळलं. पहिल्या टेस्टमध्ये अकरा विभाग, तिसऱ्यात सात, म्हणजे ०.२२ आणि ०.१४, हवे होते ०.२३ आणि ०.१३५. इतकं जुळत असेल तर पीक खरं आहे असं मी मानतो. पीक मोठं आणि डायल जागचा हललेला नाही, असं असेल तर ते पीक रेतीचं नाही. एखादा मोठा खडा फटीत अडकला असेल, किंवा लॉकिंग पिन काढायची राहिली असेल. पिन राहिली असेल तर वक्र इतका सरळसोट वर जातो की सहसा मशीनवाल्याच्याच लक्षात येतं.

मोठ्या खड्यांचं जरा सांभाळायला हवं. क्रश सँडमध्ये ४.७५ मिलिमीटरपर्यंतचे टोकदार तुकडे असतात आणि २५ मिलिमीटर जाडीच्या सँपलला ते काठावरचेच म्हणायचे. वक्र करवतीच्या दात्यांसारखा येत असेल तर त्यांच्यामुळेच. प्रमाण जास्त असेल तर मोठा बॉक्स असलेली लॅब शोधावी.

आता शेपटीकडे. आठ मिलिमीटरला आपण जो फोर्स घेतला त्याला स्थिर आकारमानाचा म्हणायला हवं असेल तर तिथे उभ्या डायलचा काटा थांबलेला असला पाहिजे. घट्ट रेतीत अनेकदा तो थांबलेला नसतो, कारण ६० च्या बॉक्सची धाव दहा-बारा मिलिमीटरलाच संपते. समजा आठला तो अजून दर अर्ध्या मिलिमीटरला दोन विभाग चढतोय. म्हणजे `dv/dh` ०.०४ आहे आणि गुणोत्तर अजून तेवढ्याने वर आहे, ०.७९ दिसलं तर खरं ०.७५. फोर्स सपाट वाटला म्हणून तिथेच रेघ मारली तर कोन ३८.३ लिहिला जाईल, दीड अंश जास्त. यावर उपाय सोपा आहे: पीकनंतरच्या सगळ्या रीडिंगसाठी आडव्या अक्षावर `dv/dh` आणि उभ्या अक्षावर गुणोत्तर मांडा. बिंदू एका रेषेत उतरत येतात; ती रेष `dv/dh` शून्याला जिथे कापेल ते गुणोत्तर घ्या. तिन्ही टेस्टचे बिंदू एकाच आलेखावर टाकले की रेष आणखी भरवशाची होते, आणि एखादी टेस्ट बाकीच्यांपासून फटकून वागत असेल तर तीही उघडी पडते.

डायल चढून मग खाली यायला लागला, आणि फोर्सही हळूहळू घसरतोय, तर खाली वाकून फटीखाली बघा. रेती गळत असते. फट गरजेपेक्षा मोठी झाली की बारीक माल पहिल्यांदा निसटतो. त्या टेस्टचं पीक वापरता येईल, शेपटी नाही. आणि डायल नीट स्थिर पण गुणोत्तर हळूहळू चढतंय, आणि शीटमध्ये अर्धं करेक्शनही नाही, असं झालं तर टेस्ट संपल्यावर पॅडच्या चारही कोपऱ्यांची खोली मोजा. पॅड कलली की तिची एक कड बॉक्सच्या भिंतीत रुतते, आणि मध्यावरच्या एकाच डायलला त्याचा पत्ता लागत नाही.

खात्रीसाठी आणखी एक टेस्ट करायला वेळ मिळाला तर चौथं घट्ट सँपल करू नका. तीच रेती फनेलमधून अलगद सोडून सैल सँपल करा, १०० किलोपास्कलला. त्याचा वक्र पीकशिवाय हळूहळू चढतो, डायल आधी खाली जातो, आणि धावेच्या शेवटी गुणोत्तर खालून ०.७५ कडे येतं. घट्ट सँपल वरून आणि सैल सँपल खालून, दोन्ही एकाच आकड्याकडे आले तर ३६.९ अंशांवर सही करायला हरकत नाही. उलट तिन्ही घट्ट टेस्टच्या शेपट्या जुळताहेत पण पीक वेडंवाकडं आहे, म्हणजे २०० चं पीक १०० च्या गुणोत्तराहून मोठं वगैरे, तर सँपल एकाच घनतेला भरलेले नाहीत. प्रत्येक सँपलचं वजन रजिस्टरमध्ये असेल तर ते पाच मिनिटांत कळतं.

रिपोर्ट पुन्हा काढताना आम्ही पीकचे तीन कोन त्यांच्या नॉर्मल स्ट्रेससह दिले, राहिलेलं वजन धरून सुरुवातीच्या क्षेत्रफळावर येणारे ५६, १०६ आणि २०६ किलोपास्कल असे स्ट्रेस लिहून. स्थिर आकारमानाचा कोन ३६.९, कोहेजन दोन्हीकडे शून्य, आणि सोबत उभ्या डायलचा आलेख जोडला. डिझायनरने भिंतीसाठी ३६.९ घेतला, ॲक्टिव्ह प्रेशरचा गुणांक ०.२५ आला. भराव साइटवर कुठल्या घनतेला दाबला जाणार याची हमी त्याला कुणी देत नव्हतं, त्यामुळे पीकच्या भरवशावर न राहणं मलाही पटलं. पॅड, गोळी, योक आणि वरच्या चौकटीवर आता रंगाने त्यांची वजनं लिहिली आहेत, आणि शीटमध्ये B2 रिकामा ठेवला तर उत्तराचा रकाना कोराच राहतो.